घटक ५ : ऐकीव बातमी आणि पुराव्याची अट : दोन मित्रांच्या वादाचा अभ्यास

५.१ प्रास्ताविक

या घटकात आपण एका वादाचा अभ्यास करणार आहोत. दोन मित्र एका अफवेवरून भांडतात, बरेच दिवस भांडत राहतात आणि हळूहळू त्यांच्या बोलण्यात एक नवा प्रश्न शिरतो : ‘काय दिसले, तर तू आपले मत बदलशील?’ हा प्रश्न विचारल्यावर वादाची भाषा कशी पालटते, हे आपल्याला पाहावयाचे आहे. मित्र कल्पित आहेत. त्यांचे संवाद या घटकासाठी रचलेले आहेत. ज्या अफवेवरून ते भांडतात ती मात्र कल्पित नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या आरंभी ‘मुले पळवणारी टोळी आली आहे’ ही वार्ता महाराष्ट्राच्या अनेक जिल्ह्यांत पसरली होती. आपणांपैकी अनेकांच्या भ्रमणध्वनीवर ती आली असेल.

कथेचे स्थळ उमरखेड हे आहे. यवतमाळ जिल्ह्याचे हे तालुक्याचे गाव विदर्भाच्या दक्षिण सीमेजवळ वसले आहे. पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्हा, म्हणजे मराठवाडा सुरू होतो. अशा सीमेवरच्या गावात बोलीही सरमिसळ असते आणि बातम्याही दोन्ही बाजूंनी येतात. संवाद वाचताना सोपे जावे म्हणून ते प्रमाण मराठीच्या जवळ ठेवले आहेत.

५.२ पहिली संध्याकाळ : ‘म्हणे’ कुठे गेले?

नामदेव एस.टी.त वाहक आहे आणि दिगंबर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. दोघे एका वर्गात शिकलेले, आता पन्नाशीत आलेले. बसस्थानकाजवळच्या टपरीवर संध्याकाळचा चहा एकत्र घेण्याची त्यांची सवय जुनी आहे. जून महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात नामदेव आला तो खिशातून फोन काढतच.

“गुरुजी, हे वाच. ढाणकीतून दोन पोरं नेली.”

“कोणी सांगितलं?”

“कोणी म्हणजे? पुसदच्या गाडीत हेच, ढाणकीच्या गाडीत हेच, काल हदगावला गेलो तर तिथंही हेच. तीन गावची माणसं खोटं बोलतात का? आगीशिवाय धूर निघतो का कुठं?”

“अशा गोष्टी खोट्याच असतात, नामदेवा. माझ्या लहानपणीही पोरं धरणारे येत होते. एक तरी आला का?”

त्या दिवशी वाद येथेच थांबला. गावाबाहेर, बाजाराच्या मैदानापलीकडे, दोन दिवसांपूर्वी भिक्षेकऱ्यांची चार पाले पडली होती आणि नामदेवचा पुतण्या आपल्या मित्रांसह ‘त्यांना विचारायला’ जाण्याच्या गोष्टी करीत होता. हा तपशील लक्षात ठेवा. दोघांच्या वादाला त्यामुळे घाई आलेली आहे.

नामदेवच्या पहिल्या वाक्याकडे वळू. ‘ढाणकीतून दोन पोरं नेली.’ त्याने ही घटना पाहिलेली नव्हती, ऐकली होती. मराठीत अशा प्रसंगी आपण सहज ‘नेली म्हणे’ असे बोलतो. या भागातल्या उच्चारात ‘म्हने’. मूळ ‘म्हणणे’ या क्रियापदापासून आलेले हे रूप येथे क्रियापदाचे काम करीत नाही. त्याला कर्ता नाही, काळ नाही. ते अव्ययासारखे वाक्याच्या शेवटी बसते आणि ऐकणाऱ्याला एवढेच सांगते की ही माहिती माझ्या डोळ्यांची नाही, कानांची आहे. दक्षिण अमेरिकेतील केचुआ या भाषेत माहिती स्वतः पाहिलेली की दुसऱ्याकडून ऐकलेली, हे दाखवण्यासाठी वेगवेगळे प्रत्यय आहेत. मराठीत असे काही जोडणे सक्तीचे नाही. म्हणूनच ‘म्हणे’ गळून पडले तरी वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध राहते; फक्त ऐकीव गोष्ट पाहिलेल्या गोष्टीच्या वेषात उभी राहते.

फोनवरचा मजकूर याहून पुढे गेलेला असतो. ‘सर्व पालकांना कळविण्यात येते की...’ अशी त्याची सुरुवात होते. ही कार्यालयीन परिपत्रकाची भाषा आहे. ‘कळविण्यात येते’ या रचनेत कळवणारा कोण, हे सांगावेच लागत नाही. परिपत्रकावर सही आणि जावक क्रमांक असतो, म्हणून तेथे ही रचना चालते; जबाबदारी सहीने घेतलेली असते. अफवा परिपत्रकाचा थाट उचलते आणि सही सोडून देते. पारंपरिक न्यायशास्त्रानेही शब्द हे प्रमाण मानले आहे, पण आप्ताचा शब्द. म्हणजे ज्याला गोष्ट ठाऊक आहे आणि जो ती जशी आहे तशी सांगू इच्छितो, त्याचा. जेथे बोलणाराच सापडत नाही, तेथे तो आप्त आहे की नाही हा प्रश्नही विचारता येत नाही.

५.३ राईनपाडा

१ जुलै २०१८ हा रविवार होता. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या गावी आठवडी बाजार भरला होता. तेथे आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. त्यांतले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्याचे होते. पोटासाठी शेकडो कोस फिरणे हा या समाजाचा पिढ्यानपिढ्यांचा क्रम आहे.

जमावापाशी पुरावा कोणता होता? माणसे अनोळखी होती. त्यांचा वेष निराळा होता. त्यांनी एका मुलाशी बोलणे केले, असा संशय होता. आता हीच लक्षणे उलट बाजूने तपासा. ती माणसे निव्वळ भिक्षेकरी असती, तर काय दिसले असते? हेच सर्व. ती अनोळखीच असती, त्यांचा वेष निराळाच असता आणि भिक्षा मागताना मुलाशी बोलणेही झाले असते. जे लक्षण दोन्ही शक्यतांमध्ये सारखेच दिसते, ते दोहोंपैकी एकीची निवड करू शकत नाही. ते डोळ्यांना पुराव्यासारखे वाटते, पण त्याचे वजन शून्य असते. या घटकातील ही सर्वांत महत्त्वाची कसोटी आहे. पुढे नामदेव आणि दिगंबर दोघेही तिच्यापाशी अडखळतात.

त्या काळात फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एकीचा उलगडा पुढे झाला. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात, असे तीत दिसत होते. ती मुळात कराचीतील रोशनी हेल्पलाइन या संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी केलेली जनजागृतीची फीत होती. तिच्या शेवटी तेच स्वार मुलाला परत आणून सोडतात आणि एक फलक दाखवतात. फिरणाऱ्या प्रतीतून हा शेवट कापलेला होता. पाहणाऱ्यांनी ‘डोळ्यांनी पाहिले’ हे खरेच होते. काय पाहिले, हे मात्र कात्रीने ठरवले होते.

५.४ दुसरी संध्याकाळ : तीन साक्षीदार की एक?

राईनपाड्याची बातमी वर्तमानपत्रांत आली त्या दिवशी दिगंबर टपरीवर आला तेव्हा तो रागावलेला होता.

“पाहिलंस? तुझ्यासारख्यांनी पाच जीव घेतले.”

“मी कोणाचा जीव घेतला? मी म्हणतो पोरं सांभाळा. तुझी नात असती तर?”

हा वादाचा नेहमीचा घसरता उतार आहे. बातमी खरी की खोटी हा प्रश्न बाजूला पडला आणि कोण चांगला, कोण वाईट हा प्रश्न पुढे आला. दिगंबर शिक्षक होता म्हणून असेल, किंवा नामदेवचा चेहरा पाहून असेल, तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “बरं, मला तुझे तिन्ही निरोप दाखव.”

नामदेवने दाखवले. एक पुसदच्या प्रवाशाने पाठवलेला, एक ढाणकीच्या, एक हदगावच्या. दिगंबरने ते वहीत एकाखाली एक उतरवून घेतले. तिन्हींत ‘सावधान’ऐवजी ‘सावधन’ होते. तिन्हींत ‘टोळी’चे अनेकवचन ‘टोळ्यी’ असे लिहिलेले होते. तिन्हींत दुसऱ्या वाक्यानंतर पूर्णविराम नव्हता आणि तिसऱ्यानंतर दोन होते. फरक एकच होता : गावाचे नाव.

जुन्या ग्रंथांच्या पाठचिकित्सेत हीच पद्धत वापरली जाते. एका ग्रंथाच्या अनेक हस्तलिखित पोथ्या हाती आल्या की संपादक त्यांतील चुका ताडून पाहतो. बरोबर शब्द दोन पोथ्यांत सारखा असणे स्वाभाविक आहे, कारण बरोबर शब्द एकच असतो. तीच विचित्र चूक दोन लेखकूंनी परस्परांना न भेटता करणे मात्र फार दुर्मीळ. म्हणून समान चूक दिसली की दोन्ही पोथ्या एकाच पूर्वपोथीवरून उतरल्या असाव्यात, असा निष्कर्ष निघतो; आणि मग त्या दोन पोथ्यांची साक्ष दोन नव्हे, एक धरली जाते. आपल्याकडे एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीचे पाठशोधन केले. तेव्हापासून मराठीच्या अभ्यासकाला हे काम परके नाही. फक्त फोनवरच्या मजकुरावर ते करावे, असे आपल्याला सुचत नाही.

नामदेवने वही पाहिली. “म्हणजे तीन गावं नव्हेत?”

“गावं तीन. निरोप एक.”

“पण एकाच माणसानं खरं सांगितलं असेल तर?”

हा आक्षेप रास्त आहे, आणि तो वरवरचा समजू नये. समान चुकांवरून मजकूर एकाच ठिकाणाहून आला हे कळते. तो खोटा आहे हे कळत नाही. एकच साक्षीदार खरा असू शकतो. तपासणीने फक्त एवढे केले की ‘तीन गावची माणसं’ हा नामदेवचा आधार एका निनावी माणसापर्यंत आखडला.

५.५ अट

येथे वादाला वळण मिळाले. दिगंबर म्हणाला, “नामदेवा, भांडण नको. एवढं सांग, काय दिसलं तर तू म्हणशील की टोळी नाही?”

“काही दिसलं तरी नाही म्हणणार. पोरांच्या बाबतीत धोका कोण घेईल?”

“मग आपण बोलतोय कशाला?”

नामदेवने कप खाली ठेवला. मग त्यानेच उलट विचारले, “आणि तुझं? काय दिसलं तर तू म्हणशील की टोळी आहे? उद्या मी ढाणकीहून एखाद्या पोराचं नाव आणलं, तर मानशील?”

दिगंबर लगेच म्हणाला, “नाव काय, कोणीही सांगेल. भीतीनं माणसं काहीही बोलतात.”

“पाहा. तुझंही तेच आहे.”

आपल्या मनात दिगंबरविषयी सहानुभूती असेल, कारण अफवा खोटी होती हे आपल्याला आज ठाऊक आहे. पण त्या संध्याकाळी त्याची बाजू नामदेवच्या बाजूइतकीच बंद होती. ‘अशा गोष्टी खोट्याच असतात’ हे विधान त्याने तपासून मिळवलेले नव्हते. ते त्याला आवडणारे होते. शिवाय त्यात एक गफलत दडली होती. मुले हरवतात, पळवलीही जातात, हे खरे आहे. ‘मुले हरवतात’ हे एक विधान आणि ‘अनोळखी वेषातली टोळी गावोगाव फिरून मुले उचलते आहे’ हे दुसरे. नामदेव दुसऱ्याच्या पुष्टीसाठी पहिले पुढे करीत होता आणि दिगंबर दुसरे नाकारताना पहिलेही नाकारून बसला होता.

मग दोघांनी वहीच्या मागच्या पानावर अटी लिहिल्या. लिहिल्या हे महत्त्वाचे. कारण तोंडी अट पुरावा समोर आला की नकळत सरकते. नामदेवची अट अशी : ढाणकीत जाऊन विचारीन, मूल कोणाचे, हे सांगणारा एकही माणूस भेटला नाही, तर ढाणकीची बातमी सोडून देईन. दिगंबरची अट अशी : मुलाचे नाव आणि घर सांगणारा माणूस भेटला आणि त्या घरी मूल खरेच नसले, तर मी स्वतः तुझ्याबरोबर पोलीस ठाण्यात येईन आणि पालांकडे लक्ष ठेवा म्हणून सांगेन.

दिगंबरने पोलीस ठाण्याचाच मार्ग आधी सुचवला होता. हरवलेल्या मुलाची तक्रार आली की गुन्हा नोंदवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बजावले आहे. त्यामुळे मूल गेले असेल तर नोंद असली पाहिजे, असा त्याचा मुद्दा. नामदेवने तो मान्य केला नाही. “गरीब माणूस ठाण्याची पायरी चढत नाही. नोंद नाही म्हणून पोर गेलं नाही, असं कसं?” त्याचे म्हणणे योग्य होते. एखादी गोष्ट सापडली नाही, यावरून ती घडली नाही असे म्हणता येण्यासाठी, ती घडली असती तर तेथे सापडलीच असती, याची खात्री हवी. ठाण्याच्या नोंदीबाबत ती पूर्ण नव्हती. उलट, नोंद सापडली असती तरी काम भागले नसते; अपहरणाच्या कलमाखाली घरातून निघून गेलेल्या किशोरवयीन मुलामुलींची प्रकरणेही नोंदली जातात. ती नोंद टोळी असतानाही दिसते, नसतानाही दिसते. राईनपाड्याची कसोटी येथे पुन्हा लावून पाहा.

मग जेथे मूल गेल्याचे नक्की दिसेल असे ठिकाण कोणते? ते नामदेवलाच सुचले. “तुझी हजेरी, गुरुजी. ठाण्यात कोणी जात नाही, पण पोर शाळेत येत नाही हे तर लपत नाही.”

५.६ शोध आणि त्याच्या मर्यादा

ढाणकीच्या फेरीवर नामदेवने बसस्थानकावर, हॉटेलात, भाजीवाल्या बायांना विचारले. बातमी सर्वांना ठाऊक होती. मूल कोणाचे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. “आमच्याकडं नाही बाप्पा, ते हदगावकडं झालं म्हने,” असे एकाने सांगितले. दोन दिवसांनी हदगावची फेरी आली. तेथे पानटपरीवाला म्हणाला, “उमरखेडला झालं ना ते. तुम्हीच तिकडून येता आणि आम्हाला काय विचारता?”

नामदेव परतीच्या गाडीत तिकिटे फाडता फाडता बराच वेळ त्या वाक्याचा विचार करीत होता. प्रत्येक गावात घटना शेजारच्या गावात घडलेली होती आणि फेरा पुन्हा त्याच्याच गावी येऊन थांबला होता. लक्षात घ्या, प्रत्यक्ष विचारल्यावर लोकांच्या तोंडी ‘म्हने’ परत आले होते.

हजेरीचे काम इतके सरळ झाले नाही. विदर्भातील शाळा उन्हामुळे उशिरा, २६ जूनच्या सुमारास उघडतात. पहिल्या आठवड्यात हजेरी नेहमीच विरळ असते : कोणी मामाकडून परतलेले नसते, कोणाचे आईवडील ऊसतोडीहून किंवा वीटभट्टीवरून उशिरा आलेले असतात, पेरणीमुळे कोणी घरीच थांबते. दिगंबरच्या शाळेत अकरा मुले गैरहजर होती. नुसता आकडा पाहिला असता तर नामदेवला ती अकरा मुले टोळीने नेलेली वाटली असती आणि दिगंबरला ती नेहमीची गैरहजेरी वाटली असती. एकाच आकड्यावरून दोघांनी आपापले मत घट्ट केले असते. म्हणून दिगंबरने अकराही घरी निरोप पाठवले. सहा घरी भेटली. चौघांचा ठावठिकाणा नातेवाइकांकडे फोन करून लागला. अकराव्याचे घर बंद होते. त्या एका मुलासाठी तो दोन दिवस अस्वस्थ राहिला, हे त्याच्या श्रेयाचे आहे. तिसऱ्या दिवशी शेजाऱ्याकडून कळले की कुटुंब हिमायतनगरजवळ शेतावर सालाने राहायला गेले; त्याने त्या शेतमालकाशी बोलून मुलाचा आवाज फोनवर ऐकला आणि मगच वहीत खूण केली.

यातून तालुक्यात कोठेच काही घडले नाही, हे सिद्ध झाले का? नाही. एका शाळेची हजेरी आणि दोन गावांतली विचारपूस एवढाच त्यांचा आवाका होता. नामदेवने हे बोलून दाखवले आणि दिगंबरने नाकारले नाही. पण वहीतली अट ढाणकीच्या बातमीपुरती होती आणि ती पूर्ण झाली होती.

“सोडली,” नामदेव म्हणाला. “ढाणकीची सोडली. उद्या दुसरी आली तर पुन्हा विचारीन.”

“विचार. मीही विचारीन.”

त्या रात्री नामदेवचा पुतण्या जेवायला बसला असताना नामदेवने त्याला एवढेच विचारले, “पालावर जाणार आहेस ना? मग सांग, त्या माणसांनी काय सांगितलं तर तू परत फिरशील?” पोराने उत्तर दिले नाही. ताट तसेच ठेवून तो बराच वेळ बसून राहिला आणि त्या रात्री घराबाहेर पडला नाही.

५.७ स्वयंअध्ययनासाठी

आपल्या फोनवर आलेला, एकच आशय सांगणारा मजकूर किमान तीन वेगवेगळ्या व्यक्तींकडून मिळवा. शब्दलेखन आणि विरामचिन्हे यांतील समान चुका शोधा आणि त्या मजकुरांची साक्ष एक धरावी की अनेक, हे कारणासह लिहा.

‘नेली’, ‘नेली म्हणे’, ‘नेल्याचे कळते’, ‘नेलेली दिसतात’ या चार रूपांत बोलणारा किती जबाबदारी घेतो, हे स्पष्ट करा. आपल्या बोलीत यासाठी आणखी रूपे असल्यास त्यांची उदाहरणे द्या.

दिगंबरच्या शाळेत अकराव्या मुलाचा पत्ता लागला नसता, तर वहीतल्या अटींनुसार दोघांनी काय करावयास हवे होते? तेवढ्यावरून टोळीविषयीचे नामदेवचे विधान खरे ठरले असते का? आपले उत्तर १५० ते २०० शब्दांत लिहून संपर्कसत्रात समंत्रकांना दाखवा.

आपण ठामपणे मानत असलेले, पण स्वतः तपासून न पाहिलेले एक विधान निवडा. ते सोडून देण्यासाठी काय दिसावे लागेल, हे एका वाक्यात लिहा. ते दिसले असते तर नेमके कोठे दिसले असते, हेही त्याखाली लिहा.